रिकाम्या नळीचे मार्क

परवा धाकट्या बहिणीचा मुलगा जर्नल घेऊन आला. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. "मावशी, जरा नजर टाक ना, उद्या सबमिशन आहे." मी चष्मा शोधून जर्नल उघडलं. अक्षर छान, समासाला लाल रेघ, सगळं एका बैठकीत एकाच पेनाने लिहिलेलं. प्रयोग कोणता, तर अनोळखी पांढरी पावडर ओळखा. पाण्यात विरघळते. फ्लेम टेस्ट, सोनेरी पिवळी ज्योत, म्हणून सोडियम. सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका, म्हणून क्लोराइड. उत्तर : सोडियम क्लोराइड. म्हणजे आपलं मीठ.

"पावडर लावायच्या आधी तार ज्योतीत धरलीस तेव्हा ज्योत कशी दिसली?" मी विचारलं.

"आधी? ते कुठे लिहायचं असतं?"

त्याची चूक नाही. जर्नलमध्ये त्यासाठी रकानाच नाही. मी तीस वर्षं हाच विषय शिकवला, आणि त्यातली बरीच वर्षं माझ्याही मुलांच्या जर्नलमध्ये तो रकाना नव्हता. तो का असायला हवा हे मला एका मुलीमुळे कळलं, आणि त्यासाठी मी तिचे मार्क कापावे लागले. ही गोष्ट आमच्या घरातही मी कुणाला सांगितलेली नाही. आज सांगून टाकते.

साल २००३. डी. फार्मच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला मी एका छोट्या गावातल्या कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. समुद्र हाकेच्या अंतरावर, खिडक्यांचे गज गंजलेले. सोळा मुलं. प्रत्येकासमोर कागदाच्या पुडीत तीच पांढरी, बारीक दाण्यांची पावडर. बाटलीवर नंबर, नाव फक्त आम्हा परीक्षकांना माहीत. ती होती पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा. जुनी माणसं सुरोखार म्हणतात तोच.

करायचं काय ते सोपं होतं. पावडर थंड पाण्यात विरघळते का बघा, नाहीतर गरम पाण्यात. विरघळली की त्याच द्रावणाचे थोडे थोडे भाग वेगवेगळ्या नळ्यांत घ्या. एकात सौम्य आम्ल घाला, फसफसलं तर कार्बोनेट. दुसऱ्यात बेरियम क्लोराइड घाला, आम्लात न विरघळणारा पांढरा साका आला तर सल्फेट. तिसऱ्यात आधी सौम्य नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा पांढरा साका आला आणि तो अमोनियात विरघळला तर क्लोराइड. चौथ्यात ताजं फेरस सल्फेट घालून, नळी तिरकी धरून, तीव्र सल्फ्युरिक आम्ल काचेच्या कडेने हळूच सोडायचं. न हलवता. दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं दिसलं तर नायट्रेट. आणि फ्लेम टेस्ट वेगळी : निक्रोमची तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, तापवून, पुन्हा बुडवून स्वच्छ करायची, मग पावडर लावून निळ्या ज्योतीत धरायची. पिवळी तर सोडियम, फिकट जांभळी तर पोटॅशियम.

दोन वाजता उत्तरपत्रिका गोळा केल्या. पंधरा जणांनी लिहिलं होतं पोटॅशियम नायट्रेट. ज्योत जांभळी, सिल्व्हर नायट्रेटने काही नाही, तपकिरी कडं स्पष्ट. एका मुलीने मात्र लिहिलं होतं सोडियम क्लोराइड.

तिचा कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. खाडाखोड बरीच. 'ज्योत पिवळी.' 'सिल्व्हर नायट्रेट : पांढरट गढूळपणा, अमोनिया घातल्यावर गेला.' 'बेरियम क्लोराइड : काही नाही.' 'रिंग : दिसली नाही, सगळंच तपकिरी.' आणि अगदी वर, विद्राव्यतेच्या ओळीत, 'पटकन विरघळली. नळी गार लागली.'

ते 'नळी गार लागली' मी लाल पेनाने खोडलं. असंबद्ध म्हणून. आणि तिला वीसपैकी सात दिले. बाकी सगळ्यांना सतरा, अठरा. तोंडी परीक्षेत ती बरी होती, त्यामुळे एकूण बेरजेत पास झाली, एवढंच माझ्या मनाचं समाधान. चारच्या सुमारास मार्कांचं पाकीट सह्या करून, लाख लावून प्राचार्यांच्या टेबलावर गेलं.

माझी बस सहाची होती. चहा घेत बसले असताना ती खोडलेली ओळ डोक्यातून जाईना. नळी गार का लागावी? आणि मग एकदम स्वतःचीच लाज वाटली. कारण मीठ विरघळताना पाणी जेमतेम गार होतं, हाताला कळतही नाही. सोरा मात्र विरघळताना पाण्यातली उष्णता चांगलीच ओढून घेतो. एक ग्रॅम सोरा पाच मिली पाण्यात टाकला तर पाणी आठ-दहा अंशांनी सहज उतरतं. अकबराच्या दरबारात पिण्याचं पाणी गार करायला हाच सोरा वापरत, अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत ते नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे त्या मुलीच्या बोटांनी जे बरोबर टिपलं होतं ते मी खोडलं होतं. फक्त गारव्यावरून 'हा सोराच' असं म्हणता येत नाही, नवसागरही नळी गार करतो, पोटॅशियम क्लोराइडही करतं. पण 'हे मीठ नाही' एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. तिच्या कागदावर तिच्या उत्तराच्या विरोधातला पुरावा तिनेच लिहून ठेवला होता.

मग बाकीच्या नोंदींचं काय? चहा तसाच ठेवून मी प्रयोगशाळेत परत गेले. लॅबमधले मामा नळ्या विसळत होते. मी एक नळी घेतली, तिच्यात पावडर काहीच घातली नाही. मुलांच्या टेबलावरच्या वॉशबॉटलमधलं नुसतं पाणी, दोन थेंब नायट्रिक आम्ल, दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. नळीत पाण्यात दुधाचा थेंब पडल्यासारखं पांढुरकं झालं. अमोनिया घातल्यावर गेलं.

"मामा, हे डिस्टिल्ड वॉटर कुठलं?"

मामा जरा घुटमळले. मग म्हणाले, "मॅडम, ते भांडं दिवाळीपासून बंद आहे. नळाचंच भरतो." आणि त्या गावच्या नळाला बोअरचं पाणी, समुद्राकाठचं. खारट.

सिल्व्हर क्लोराइड पाण्यात इतकं कमी विरघळतं, की लिटरभर पाण्यात पाच-दहा मिलिग्रॅम क्लोराइड असलं तरी नळी धुरकट होते. पिण्याच्या चांगल्या पाण्यातही त्याहून कितीतरी जास्त असतं. मीठ असतं तर असा धुरकटपणा आला नसता. थेंब पडताक्षणी दह्याच्या कवड्या पडल्या असत्या आणि हलवल्यावर तळाला बसल्या असत्या. मुलीने 'गढूळपणा' लिहिलं होतं, 'साका' लिहिलं नव्हतं. तक्त्यात मात्र दोनच पर्याय : साका येतो किंवा येत नाही. तिने नाइलाजाने 'येतो' धरलं.

मग तार. पावडर न लावता, टेबलावरच्या घड्याळकाचेतल्या आम्लात बुडवून ज्योतीत धरली. झळझळीत पिवळी! त्या एका काचेतल्या आम्लात सकाळपासून सोळा जणांनी आपापल्या तारा बुडवल्या होत्या. बोटांचा घाम, नळाचं पाणी, खिडकीतून येणारी खारी हवा, सगळ्यात सोडियम. हा पिवळा रंग किती थोड्यावर येतो त्याचा हिशेब बुन्सेन आणि किरचॉफ यांनी १८६० मध्येच मांडला होता. त्यांनी खोलीच्या एका टोकाला तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट उडवलं, आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या त्यांच्या वर्णपटाच्या उपकरणात सोडियमची पिवळी रेघ उमटली. त्यांच्या हिशेबाने मिलिग्रॅमच्या तीस लाखांशाहूनही कमी सोडियम पुरत होतं. डोळ्यांना तेवढं दिसत नाही हे खरं, पण मुद्दा तोच. पिवळी ज्योत दिसली म्हणजे तिथे कुठेतरी सोडियम आहे, एवढंच. ते पावडरीतलं आहे की तारेवरचं, हे फक्त रिकामी तार सांगते. आणि पोटॅशियमचा फिकट जांभळा रंग त्या पिवळ्यासमोर दिवसाउजेडी लावलेल्या पणतीसारखा, असून नसल्यासारखा.

त्यासाठी निळी कोबाल्टची काच असते. ती पिवळा रंग अडवते आणि पोटॅशियमचा सोडते. कॉलेजात एक तुकडा होता, कपाटात, कुलपात. उघडायला लावलं. ताजं आम्ल घेतलं, तार पाच-सहा वेळा तापवून स्वच्छ केली, पावडर लावली, काचेतून पाहिलं. क्षणभर गुलाबीसर जांभळी ज्योत, आणि गेली. पोटॅशियम.

राहिलं कडं. फेरस सल्फेटची बाटली पाहिली तर आतलं द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचं. ते ताजं असताना फिकट हिरवं असतं. उघडं राहिलं की हवेने त्याचं फेरिक होतं आणि गंजासारखा रंग येतो. मुळात तपकिरी असलेल्या द्रावणात तपकिरी कडं कुणाला दिसणार? मी हिरवे खडे निवडून, दोन थेंब सौम्य सल्फ्युरिक घालून ताजं केलं. शुद्ध पाण्यासाठी मामांना कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पाठवून गाडीच्या बॅटरीचं पाणी मागवलं. त्यात आधी सिल्व्हर नायट्रेट घालून पाहिलं, स्वच्छ राहिलं. मग त्या पाण्यात पावडर विरघळवून पुन्हा सगळं केलं. सिल्व्हर नायट्रेटने काही नाही. कडं आलं, सुबक, बांगडीसारखं. शेवटी चार ग्रॅम पावडर पाच मिली पाण्यात तापवली, सगळी विरघळली, नळी नळाखाली धरल्यावर आत सुयांसारखे स्फटिक गच्च भरले. मीठ असतं तर उकळत्या पाण्यातही निम्मं तळालाच राहिलं असतं, कारण मिठाची विद्राव्यता गरम पाण्यात जेमतेम वाढते. शंभर मिलीला ३६ ग्रॅमची ३९ होते, इतकंच. सोऱ्याची ३२ पासून २४५ च्या आसपास जाते.

तोवर साडेपाच झाले होते. नळी हातात धरून उभी होते आणि तेव्हा खरी गोष्ट लक्षात आली. त्या पाण्याने त्या दिवशी प्रत्येकाच्या नळीत पांढुरकं यायलाच हवं होतं. त्या फेरस सल्फेटने कुणालाही कडं दिसायला नको होतं. त्या आम्लातून बुडवलेल्या तारेने, निळ्या काचेशिवाय, कुणालाही जांभळी ज्योत दिसली नसती. मग पंधरा कागदांवर ते आलं कुठून? अर्थात उत्तरातून. पावडर कोणती ते आधीच कळलं होतं, कसं ते मला शोधायचं नाही, आणि त्यानुसार निरीक्षणं लिहिली गेली. सोळा जणांत प्रयोग एकटीनेच केला होता. आणि मी तिला सात दिले होते.

मी तिथल्या परीक्षक सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, सह्या झाल्यात. आता पाकीट उघडायचं म्हणजे पंचनामाच. आणि पास झालीय ना ती?" प्राचार्यांची खोली दहा पावलांवर होती. पाकीट टेबलावरच असेल. मी घड्याळ पाहिलं आणि बस पकडली.

हे लिहायला इतकी वर्षं लागली ती त्या दहा पावलांमुळे. असो.

तेव्हापासून माझं एक ठाम मत आहे, आणि निवृत्त झाल्यामुळे आता ते कुणाला न घाबरता मांडते. अशा प्रयोगात पहिली नळी रिकामी असली पाहिजे, म्हणजे पावडर सोडून बाकी सगळं घातलेली. आणि तिच्या शेजारी एक नळी माहीत असलेल्या क्षाराची. रिकामी नळी सांगते, 'जे दिसतंय ते पावडरीमुळे नाही.' माहितीची नळी सांगते, 'जे दिसत नाही ते औषध शिळं आहे म्हणून तर नाही ना?' त्या मुलीला पाणी आणि तार फसवत होती, ते रिकाम्या नळीने आणि रिकाम्या तारेने पकडलं असतं. पण फेरस सल्फेट शिळं आहे हे रिकाम्या नळीने कधीच कळलं नसतं; त्यासाठी खात्रीचं नायट्रेट घेऊन कडं येतं का ते पाहावं लागलं असतं. दोन्ही नळ्या लागतात, एक पुरत नाही.

आणि मार्क या नळ्यांना द्यावेत. वीसपैकी उत्तराला चार, बाकीचे सोळा नोंदींना. जिने 'गढूळपणा, रिकाम्या नळीतही तेवढाच' असं लिहिलं तिला पूर्ण. शेवटी 'सोडियम क्लोराइड नाही, सल्फेट नाही, कार्बोनेट नाही, पुढे सांगता येत नाही' असं लिहिलं तरी तिला मी पंधरा देईन.

यावर माझ्याच स्टाफरूममध्ये दोन आक्षेप यायचे. पहिला, वेळ कुठे आहे? तीन तास, वीस मुलं, चार नळ. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. रिकामी तार अर्धा मिनिट. सिल्व्हर नायट्रेटची आणि बेरियमची रिकामी नळी मिळून दोन मिनिटं. कडं येतं का हे बाईंनी सुरुवातीला एकदा सगळ्यांसमोर दाखवलं तर मुलांचा वेळ शून्य. वेळ जातो तो जर्नल सजवण्यात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. रिकाम्या नळीत काही दिसलं की मुलं गोंधळतात आणि बाईंना विचारतात, आणि मग बाईंना कबूल करावं लागतं की डिस्टिलेशनचं भांडं दिवाळीपासून बंद आहे. माझ्या मते रिकामी नळी आपल्याकडे रुजत नाही ती याच कारणाने. ती पावडरीची परीक्षा घेत नाही, ती प्रयोगशाळेची घेते. आणि परीक्षा फक्त मुलांचीच घ्यायची असा आपल्याकडे रिवाज आहे.

शिवाय ही मुलं पुढे औषधांच्या कारखान्यात जातात. तिथे गोणीवर नाव लिहिलेलं असतं, आणि आतली पांढरी पावडर तीच आहे का हे तपासणं हे कुणाचं तरी रोजचं काम असतं. ज्याला नाव आधी वाचून मग जांभळी ज्योत 'दिसायची' सवय लागली आहे, त्याला गोणीवरचं नावच दिसत राहणार.

भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त जर्नल परत दिलं आणि म्हटलं, "उद्या लवकर जा. तार धुऊन, काही न लावता ज्योतीत धर. आणि जे दिसेल ते लिही, मार्क गेले तर माझ्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मागे लॅबमधला गोंगाट ऐकू येत होता.

"मावशी, रिकामी तारच पिवळी आहे गं!"

"मग लिही."

"लिहिलं. पण सर विचारतायत की हे कुठल्या रकान्यात लिहिलंयस."

"समासात लिही," मी म्हटलं.